चेन धुवायची, चामडं पुसायचं

ताज्या घामाला वास नसतो. मनगटावर येणारा घाम जवळजवळ ९९ टक्के पाणी असतो. उरलेल्या अंशात मीठ, थोडा युरिया, थोडं लॅक्टिक आम्ल आणि किरकोळ प्रमाणात अमिनो आम्लं असतात. तरीही एप्रिल-मे संपता संपता घड्याळाचा पट्टा नाकाजवळ नेला, तर ओल्या मोज्यांची आठवण करून देणारा आंबूस दर्प येतो. हा दर्प घामाचा नसून त्यावर पोसलेल्या जीवाणूंचा असतो. आपल्या त्वचेवर कायम वस्तीला असणाऱ्या स्टॅफिलोकोकस गटातले काही जीवाणू घामातल्या ल्यूसिन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात. पायांना येणारा वास याच आम्लाचा, आणि पट्ट्याला येणाऱ्या वासातही त्याचा मोठा वाटा असतो.

पट्ट्याखाली या जीवाणूंना हवं ते सगळं मिळतं. तिथे शरीराची ऊब असते, वारा लागत नसल्याने ओल टिकते, आणि त्वचेचं तेल, मेलेल्या पेशी, साबणाचा अंश व सनस्क्रीन यांचा थर रोज थोडा थोडा वाढत जातो. त्यामुळे साफसफाईची कामं दोन होतात. साठलेला थर काढायचा आणि मागे राहिलेली ओल पूर्ण घालवायची. दुसरं काम अर्धवट राहिलं, तर चार दिवसांत वास परत येतो.

मळ दोन्हीकडे तोच असला, तरी तो बसतो वेगवेगळ्या जागी. स्टील घाम पीत नाही, त्यामुळे चेनमधला मळ कड्यांच्या सांध्यांत अडकतो. चामडं घाम पितं, त्यामुळे पट्ट्यातला मळ अस्तराच्या तंतूंमध्ये मुरतो. म्हणूनच चेनला चालणारी रीत चामड्याला चालत नाही. चेन भरपूर पाण्यात धुवायची असते, तर चामड्याला जमेल तितकं कमी पाणी लावायचं असतं.

आधी घड्याळ वेगळं करा

घड्याळाच्या पाठीवर ‘३ एटीएम’ किंवा ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक घड्याळासकट चेन नळाखाली धरतात. पण हा आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. रोजच्या वापरात त्याचा अर्थ इतकाच, की हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील. शिवाय पाणी अडवणारी रबरी कडी वर्षागणिक कडक होत जाते. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत सहज शिरतं. कोमट पाण्यातून घड्याळ बाहेर काढलं, की आतली गरम झालेली हवा थंड होऊन आकसते आणि जाताना फटीतली ओल आत ओढून घेते. काचेच्या आतून धुकं धरलेलं दिसलं, तर ते यामुळेच झालेलं असू शकतं.

पट्टा घड्याळाला ज्या बारीक पिनने अडकवलेला असतो, तिच्या पोटात स्प्रिंग असते. टोकाला दुबेळकं असलेलं छोटं हत्यार मिळतं. ते पिनच्या टोकाजवळच्या खाचेत अडकवून आतल्या बाजूला दाबलं, की पिन सुटते. सुटताना ती उडते, म्हणून हे काम पसरलेल्या नॅपकिनवर किंवा काठ असलेल्या ताटात करावं. हत्यार निसटून घड्याळावर चरा पडू नये, यासाठी आजूबाजूला कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. हल्लीच्या अनेक पट्ट्यांना मागच्या बाजूला एक बारीक खुंटी असते. ती नखाने सरकवली तरी पिन निघते. चेनचं टोक घड्याळाला स्क्रूने बसवलेलं असेल किंवा पिन गंजून अडकली असेल, तर जोर न लावता घड्याळजींकडे जावं. काढून देणं आणि परत बसवणं हे त्यांचं काही मिनिटांचं काम असतं.

चेनच्या सांध्यांत काय साठतं

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. मुंबईत रोज लोकलने ऑफिसला जाणाऱ्या माणसाची स्टीलची चेन आहे आणि पूर्ण उन्हाळा ती धुतलेली नाही. वरून ती चकचकीतच दिसते. पण चेन उलटी करून कडी वाकवली, की सांध्यात काळपट, चिकट रेघ दिसते. त्वचेचं तेल, मृत पेशी, धूळ आणि कड्या एकमेकींवर घासून निघालेला धातूचा बारीक चुरा यांचं ते मिश्रण असतं.

हा चिखल नुसता घाणेरडा असता तर एवढं बिघडलं नसतं. पण त्यातले बारीक कण कानशीसारखे काम करतात. हात हलला, की कडीतली पिन त्यांच्यावर घासते आणि वर्षानुवर्षांच्या या घासण्याने पिन बारीक व भोक मोठं होतं. चेन ढिली पडते, आडवी धरली की लोंबते. सैल झालेल्या जुन्या चेनचं कारण बहुतेक वेळा असं आतून झिजलेलं असतं.

दुसरं नुकसान मिठाचं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो आणि तोच गंज अडवतो. त्याला चरा पडला, तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा तयार होतो. सांध्यात मात्र मळाच्या थराखाली ऑक्सिजन पोहोचत नाही आणि घामातलं क्लोराइड तिथेच साठून राहतं. अशा बंद जागी पापुद्रा फाटला की भरून येत नाही आणि बारीक खड्डे पडू लागतात. चांगल्या घड्याळांच्या चेनला ‘३१६ एल’ नावाचं स्टील वापरतात. त्यात मॉलिब्डेनम असल्याने ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी, समुद्रात पोहणाऱ्यांनी आणि मुळातच खूप घाम येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

मळाचा रंगही बरंच सांगतो. काळा किंवा करडा मळ नेहमीचाच आहे, तो धुतल्यावर जातो. विटकरी डाग गंजाचे असतात आणि बहुतेक वेळा ते चेनच्या कड्यांपेक्षा आतल्या स्वस्त पिनेला किंवा लॉकच्या स्प्रिंगला धरलेले असतात. हिरवट थर दिसला, तर आत पितळ आहे आणि वरचा मुलामा त्या जागी निघून गेला आहे असं समजावं. हिरवेपणा धुतल्याने जाईल, पण मुलामा परत येणार नाही. तो मळ पुन्हा येत राहील.

चेन धुण्याची रीत

वाडग्यात हाताला सहज सोसेल इतकं कोमट पाणी घ्यावं आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब घालावेत. भांड्यांचा बार नको, कारण त्यात धुण्याचा सोडा आणि खरखरीत भुकटी असते. लॉक उघडून चेन पूर्ण बुडवावी आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवावी. लोक हा टप्पा गाळतात आणि मग ब्रशने जोर लावत बसतात. वाळून घट्ट झालेला मळ आधी भिजून सुटला पाहिजे, ब्रशचं काम त्यानंतरचं.

मग मऊ टूथब्रश घ्यावा. चेनचे सांधे एका बाजूला वाकवले की उघडतात. त्या उघडलेल्या फटीत, आडव्या रेषेत ब्रश फिरवावा. मग चेन उलटी वाकवून दुसऱ्या बाजूने तेच करावं. सर्वांत जास्त घाण दोन ठिकाणी असते. एक म्हणजे लॉकच्या घडीच्या आत, दुसरी म्हणजे चेन जिथे घड्याळाला जुळते त्या टोकाच्या पोकळ भागात. तिथे ब्रश पोहोचत नसेल, तर दात कोरायची लाकडी काडी चालते. सुई किंवा टाचणी मात्र नको. पाणी करडं झालं की बदलावं आणि ताजं पाणी स्वच्छ राहीपर्यंत काम चालू ठेवावं. खूप दिवसांच्या चेनला तीन वेळा पाणी बदलावं लागलं, तर त्यात नवल नाही.

शेवटी चेन वाहत्या पाण्याखाली खळखळून घ्यावी. सांध्यात उरलेला साबणही त्वचेला त्रास देतो आणि पट्ट्याखाली उठणाऱ्या पुरळाचं ते एक साधं कारण असतं. बोअरवेलचं जड पाणी असेल, तर शेवटचं पाणी पिण्याच्या फिल्टरचं घ्यावं, म्हणजे वाळल्यावर पांढरे ठिपके उरत नाहीत. नंतर चेन टॉवेलात गुंडाळून दाबावी, झटकावी आणि पंख्याखाली काही तास ठेवावी. मळापेक्षा अर्धवट वाळलेली चेन जास्त घातक असते, कारण सांध्यातलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. म्हणून हे काम रात्री करावं आणि घड्याळ सकाळी बसवावं.

धुतल्यानंतर चेन आधीपेक्षा सैल वाटली, खुळखुळली, तर दचकू नये. धुण्याने ती बिघडलेली नसते. झिजलेल्या सांध्यांतली पोकळी इतके दिवस मळाने भरलेली होती, ती आता उघडी पडलेली असते. अशा वेळी प्रत्येक कडी हाताने ओढून पाहावी आणि एखादी पिन बाहेर सरकत असेल तर ती बदलून घ्यावी. घड्याळ हातातून पडतं ते बहुधा अशा एका पिनेमुळे.

घड्याळ दुरुस्तीच्या काही दुकानांत अल्ट्रासॉनिक यंत्र असतं. ध्वनिलहरींमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश न पोहोचणाऱ्या फटीतला मळ सुटतो. दोन-तीन वर्षं न धुतलेल्या किंवा बारीक जाळीच्या चेनला हा उत्तम उपाय आहे. फक्त त्यात चेनच टाकायची, घड्याळ नाही. मुलामा सुटू लागलेली चेन असेल तर तेही टाळावं, कारण सैल झालेला मुलामा यंत्रात आणखी निघतो.

चामड्याला आम्ल आवडतं

चामडं म्हणजे कमावलेल्या कातड्यातल्या तंतूंचं जाळं. कमावताना त्या तंतूंमध्ये तेल भरलेलं असतं, म्हणून ते लवतं. पट्टा भिजवून वाळवला, की पाण्याबरोबर हे तेलही हलतं, तंतू एकमेकांना चिकटतात आणि पट्टा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. दुसरी गोष्ट कमी माहितीची आहे. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं. त्याचा पीएच साधारण ४ च्या आसपास असतो. आंघोळीचा साबण आणि खायचा सोडा अल्कधर्मी असतात. ते चामड्यावर चोळत राहिलं, तर रंग फिका होतो, तंतू कमकुवत होतात आणि पुढे बारीक भेगा पडतात.

पट्टा हा सहसा एकाच चामड्याचा नसतो. वरचा दिसणारा थर, मधलं भरण आणि आतलं अस्तर असे थर चिकटवून शिवलेले असतात, कडांना रंग लावलेला असतो. वरच्या थरावर संरक्षक लेप असतो, म्हणून तो घाम पीत नाही. वास मुख्यतः अस्तरात असतो. तिथे पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. थेंब लगेच मुरला तर अस्तर उघडं आहे, आणि तिथे पाण्याचा हात फारच हलका ठेवायला हवा.

तपकिरी वासराच्या चामड्याचा, रोज वापरातला एक पट्टा घेऊ. आधी कोरड्या मऊ ब्रशने शिवणीतली धूळ झाडावी. मग पाव कप कोमट पाण्यात लहान बाळांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब घालून फेस होईपर्यंत हलवावं. कापडाला फक्त फेस लावावा, पाणी नाही. त्याने अस्तर लहान गोल घासत पुसावं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सारखंच. फक्त मळकट डागावर थांबलं, तर वाळल्यावर तिथे ओलीची कड उमटते. कापड काळं झालं की घडी बदलावी. भोकांच्या कडा आणि बक्कल घासतं ती जागा जरा जास्त वेळ मागते. वरचा भाग शेवटी एकदाच पुसावा. मग साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या दुसऱ्या कापडाने साबण काढून घ्यावा आणि कोरड्या कापडात दाबून ओल टिपावी. सगळं काम पाच मिनिटांत संपलं पाहिजे. आत ओल जाऊ दिली, तर थरांमधला गोंद सुटू लागतो.

आता पट्टा सावलीत, हवेशीर जागी सपाट ठेवून पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवला, तर वरचा थर आधी आकसतो आणि पट्टा वाकडा होतो. वाळताना अस्तरावर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी असेलच असं नाही. आतलं मीठ पाण्याबरोबर वर येऊन तिथे उरलेलं असतं. हे चांगलं लक्षण आहे. ओलसर कापडाने ती पुसून घ्यावी आणि पुन्हा वाळवावं. जितकं मीठ बाहेर आलं, तितका पट्टा कमी ओल धरेल, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं.

एवढं करूनही दर्प उरला, तर सोड्याचा उपयोग होतो, पण स्पर्श न करता. झाकणाच्या डब्यात वाटीभर खायचा सोडा ठेवावा, त्यावर पट्टा दोऱ्याने टांगावा आणि दोन दिवस डबा बंद ठेवावा. दर्प आम्लाचा असल्याने हवेत आलेल्या त्याच्या वाफा सोड्यात शोषल्या जातात. काम हळू होतं आणि पूर्ण होईलच असं नाही. शेवटी पट्ट्याच्या वरच्या बाजूला बिनरंगी शू क्रीमचा मुगाएवढा ठिपका पसरून चोळावा. अस्तराला ते लावू नये. तिथे तेल बसलं, तर घामाचा नवा थर आणखी लवकर जमतो. खोबरेल तेलाचंही तसंच. पट्टा काळपट होतो, फुगतो आणि मळ ओढतो.

पावसाळ्यात कोकणात कपाटातल्या पट्ट्यावर हिरवट-पांढरी बुरशी धरते. ती घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसावी, म्हणजे बीजाणू कपाटात पसरत नाहीत. मग वरच्या रीतीने पट्टा स्वच्छ करून पूर्ण वाळवावा आणि नंतर डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावा.

टूथपेस्ट, लिंबू आणि ब्लीच

चेन चकचकीत करायला टूथपेस्ट वापरणं घरोघरी चालतं. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते. ती मळ काढते, पण चकचकीत स्टीलवर बारीक चरे पाडते. सोनेरी मुलाम्याचा किंवा काळ्या लेपाचा पातळ थर तर ती सरळ खाते. लिंबू आणि व्हिनेगर आम्ल असल्याने मुलाम्याच्या कडा, लॉकची स्प्रिंग आणि पितळेचे भाग यांना बाधतात. जंतू मारायला म्हणून ब्लीच वापरणं सगळ्यांत वाईट. त्यातल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. सत्तर टक्के अल्कोहोल मात्र धुऊन वाळवलेल्या स्टीलवर पुसायला ठीक आहे. मळाच्या थरावर ते मारून उपयोग नाही, कारण जीवाणू थराच्या आत असतात. चामड्याला तर ते लावूच नये, त्याने रंग आणि तेल दोन्ही निघतात.

फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये वेगवेगळ्या मनगटी पट्ट्यांवरचे जीवाणू तपासले. रबर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर ते सर्वांत जास्त सापडले आणि धातूच्या पट्ट्यांवर सर्वांत कमी. खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागाला जीवाणू चिकटून राहतात, गुळगुळीत धातूला ते तितके धरत नाहीत.

पट्टा स्वच्छ असूनही त्याच्या आकाराचा लालसर, खाजरा चट्टा उठत असेल, तर निकेलची ॲलर्जी असू शकते. स्टीलमध्ये आणि बक्कलच्या मुलाम्यात निकेल असतं आणि घाम त्याचा अंश मोकळा करतो. आठवडाभर घड्याळ काढून ठेवूनही चट्टा गेला नाही किंवा घड्याळ घातलं की परत आला, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. तिथे साफसफाईचा काही उपयोग नसतो.

केव्हा थांबायचं

चेन उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी आणि एरवी महिन्याने धुतली, की सांध्यात चिखल साठायला वेळच मिळत नाही. चामड्याला वारंवार धुण्यापेक्षा रोजची विश्रांती जास्त उपयोगी पडते. संध्याकाळी घड्याळ काढल्यावर अस्तर कोरड्या कापडाने पुसावं आणि बक्कल उघडी ठेवून पट्टा उघड्यावर ठेवावा. लगेच डब्यात किंवा बॅगेत टाकू नये. अस्तरातली ओल पूर्ण सुकायला रात्र लागते. दोन पट्टे आलटून पालटून वापरता आले, तर उत्तम.

इतकं सांभाळूनही रोज घाम पिणारा चामड्याचा पट्टा कायमचा नसतो. त्याचा निकाल लावायला एक साधी कसोटी आहे. पट्टा नीट स्वच्छ करून, पूर्ण वाळवून घालावा. कोरडा असताना वास नसेल आणि पहिल्याच घामाला तो परत आला, तर मळ मधल्या भरणापर्यंत मुरलेला आहे. तिथे ना कापड पोहोचत, ना फेस. अस्तराचा थर सुटलेला असेल, भोकांभोवती चामडं काळं आणि ताठ झालं असेल किंवा कडांचा रंग भेगाळला असेल, तर आणखी शाम्पू खर्चण्यात अर्थ नाही. नवा पट्टा घ्यावा. तो बसवताना जुन्या पट्ट्यातली पिन काढून परत घालू नये, कारण इतके दिवस तोच घाम तिनेही सोसलेला असतो. नवी पिन अगदी स्वस्तात मिळते, आणि सगळं घड्याळ तिच्याच भरवशावर मनगटाला लटकलेलं असतं.